संहितांसोबत द्यायची स्टाइल गाइड: स्वतंत्र पुस्तिका की दोन पानांचे पत्रक?

एखाद्या उद्योगासाठी जाहिरातपटांच्या संहितांचा संच लिहून देताना, त्यासोबत भाषेचा सूर, फाँट, रंग आणि लोगोचा वापर सांगणारी स्टाइल गाइड कशी द्यावी, यासाठी साधारणपणे दोन मार्ग असतात. एक म्हणजे दहा-पंधरा पानांची सजवलेली पीडीएफ पुस्तिका आणि दुसरा म्हणजे संहितांच्या आरंभी जोडलेले दोन पानांचे पत्रक व सोबत फाइलींचे फोल्डर. उदाहरणादाखल, कोल्हापुरातील एका गूळ उत्पादकाने तीस सेकंदांच्या सहा संहिता मागवल्या आहेत असे धरू. हे काम पुढे निवेदक, संकलक आणि दुकानाचे सोशल मीडिया पान सांभाळणारी व्यक्ती यांच्या हाती जाणार आहे.

सुराच्या बाबतीत पत्रक मला स्पष्टपणे सरस वाटते. पुस्तिकेत बहुधा ‘आपुलकीचा, विश्वासार्ह, रांगडा’ अशी विशेषणे असतात, परंतु निवेदकाला त्यांवरून ‘तुम्ही’ म्हणायचे की ‘तू’ हे कळत नाही. पत्रकात मात्र संहितेतील वाक्येच नमुना म्हणून देता येतात. ‘पावणं, गूळ घ्या’ हे पात्राच्या तोंडी चालेल, पण पडद्यावरील अक्षरांत ‘पाहुण्यांसाठी गूळ’ असे प्रमाण मराठीत लिहावे. ‘लय भारी’ सहा संहितांत मिळून एकदाच यावे. ग्राहकाला सर्वत्र ‘तुम्ही’ म्हणावे. बोलीची मर्यादा अशी आखून दिली नाही, तर कोल्हापुरी ढंगाचा अतिरेक होतो आणि करवीरचाच श्रोता तो खोटा म्हणून ओळखतो.

फाँटचा प्रश्न मात्र अधिक खोल आहे आणि दोन्ही मार्गांत तो अनेकदा दुर्लक्षित राहतो. पीडीएफमध्ये फाँट अंतर्भूत असल्यामुळे पुस्तिकेतील अक्षरे कुठेही नीट दिसतात, परंतु संकलकाच्या संगणकावर तो फाँट नसेल, तर पुस्तिका त्याला काहीच मदत करत नाही. त्यामुळे ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ यांसारखा खुल्या परवान्याचा युनिकोड फाँट निवडून त्याची फाइल फोल्डरमध्येच ठेवावी. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील मजकूर संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला, की तो असंबद्ध चिन्हांचा होतो. फाँट योग्य असूनही मजकुराची मांडणी दक्षिण आशियाई लिप्यांसाठी लावलेली नसेल, तर वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरे फुटतात. ही खात्री करण्यासाठी पत्रकात एक चाचणीवाक्य द्यावे:

‘शेतकऱ्यांच्या गुऱ्हाळातील सेंद्रिय गूळ.’

यातील ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ चंद्रकोरीसारख्या अर्ध्या रकाराने दिसले आणि ‘सेंद्रिय’मधील वेलांटी ‘द्र’च्या उजवीकडे न जाता जागेवर राहिली, तर मांडणी बरोबर आहे. ‘शेतकर्यांच्या’ असे दिसले, तर टंकन किंवा फाँट यांपैकी एक तपासावे.

रंगांत पुस्तिकेचे खरे बळ आहे, कारण छपाई करणाऱ्याला शाईचे प्रमाण सीएमवायकेमध्ये लागते आणि पिशव्या व खोकी छापायची असतील, तर ते नीट नोंदवायला जागा हवी. पडद्यासाठी मात्र हेक्स क्रमांक पुरतात. गुळाचा सोनेरी रंग `#E0A030` धरला, तर त्यावर पांढऱ्या अक्षरांचे कॉन्ट्रास्ट गुणोत्तर केवळ २.३ च्या आसपास भरते. सुवाच्यतेच्या प्रचलित निकषानुसार साध्या अक्षरांसाठी ते ४.५ हवे. त्याऐवजी गडद तपकिरी `#8A4B12` पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवली, तर गुणोत्तर सुमारे ६.८ होते. म्हणून पत्रकात केवळ रंग न देता ‘सोनेरीवर पांढरे लिहू नये, तपकिरीवर लिहावे’ अशी जोडी द्यावी.

लोगोबाबत फोल्डरमध्ये एसव्हीजी आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी या दोन्ही फाइली हव्यात. उभ्या व्हिडिओत तळाशी मजकूर व बाजूला बटणे येत असल्याने लोगो वरच्या भागात ठेवावा, असे स्पष्ट लिहावे. कोल्हापूर गुळाला भौगोलिक मानांकन आहे. ते चिन्ह लोगोजवळ लावायचे असल्यास उत्पादकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली आहे का, हे आधी विचारावे.

तेव्हा केवळ सहा व्हिडिओ करायचे असतील, तर पत्रक आणि फोल्डर निवडावे. त्याच वर्षी वेष्टन, दुकानाची पाटी आणि छापील जाहिरात येणार असेल, तर पुस्तिकेचा खर्च रास्त ठरतो. मात्र तेव्हाही सुराचे नमुने आणि चाचणीवाक्य असलेली पाने संहितांच्या फाइलमध्येच राहावीत, कारण निवेदक पुस्तिका उघडत नाही, संहिता उघडतो.