फोनमधले कार्ड आणि पावतीवरचे न जुळणारे चार अंक : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने मी कोल्हापुरात शक्य तिथे प्लास्टिकचे कार्ड बाहेर न काढता फोन स्वाइप मशीनला टेकवून पैसे देत आहे. ही सोय घेण्यामागचे माझे कारण एकच होते : दुकानाच्या मशीनपर्यंत माझ्या कार्डाचा खरा क्रमांक पोहोचू नये. ते काम ही व्यवस्था चोख करते. मात्र तिची खरी ओळख पैसे देताना होत नाही, तर परत घेताना होते.

फोनमधल्या वॉलेट अ‍ॅपमध्ये कार्ड घालताना आपण खरा क्रमांक टाकतो, बँक ओटीपीने खात्री करते आणि त्यानंतर व्हिसा, मास्टरकार्डसारखे कार्ड नेटवर्क त्या क्रमांकाच्या बदल्यात टोकन म्हणजे एक पर्यायी क्रमांक देते. टोकन दिसायला कार्डाच्या क्रमांकासारखेच असते, त्यामुळे दुकानातल्या मशीनला वेगळे काही जाणवत नाही. व्यवहार दुकानदाराच्या बँकेमार्फत नेटवर्ककडे जातो, तिथे टोकनाच्या जागी खरा क्रमांक लावला जातो आणि तो माझ्या बँकेकडे पोहोचतो. शिवाय फोन दर वेळी त्या एका व्यवहारापुरता सांकेतिक पुरावा तयार करतो. त्यामुळे टोकन कुणी टिपून घेतले तरी त्या पुराव्याशिवाय आणि दुसऱ्या फोनवरून ते चालत नाही. याउलट प्लास्टिकचे कार्ड नुसते टेकवले, तरी खरा क्रमांक मशीनकडे जातोच. हा फरक अनेकांना ठाऊक नसतो.

आता परताव्याचे. राजारामपुरीतल्या एका दुकानातून ३,२०० रुपयांचे कपडे घेतले आणि त्यातला १,४५० रुपयांचा शर्ट नंतर परत केला. काउंटरवरच्या मुलाने पावती आणि माझे कार्ड शेजारी ठेवले आणि म्हणाला, “साहेब, नंबर जुळंना की. पावतीवर ९०३६ आहे आणि कार्डावर ४४७१.” त्याचा संशय रास्त होता, कारण दुसऱ्याच्या कार्डावर परतावा देणे दुकानाला महागात पडू शकते. पावतीवरचे चार अंक टोकनाचे होते, कार्डाचे नव्हते. अ‍ॅपमध्ये कार्डाच्या तपशिलात फोनसाठीच्या क्रमांकाचे शेवटचे अंक दिसतात. ते उघडून दाखवल्यावर ९०३६ जुळले. मग त्याने कार्ड पुन्हा न लावता मूळ व्यवहारावरूनच परतावा केला. त्यासाठी पावतीवरचा आरआरएन हा १२ अंकी क्रमांक लागला. परतावाही त्याच वाटेने, टोकनावरून नेटवर्ककडे आणि तिथून माझ्या बँकेकडे गेला आणि काही दिवसांत कार्डाच्या खात्यावर दिसला. तेव्हापासून मी फोनने केलेल्या मोठ्या खरेदीची पावती जपून ठेवतो. ज्या दुकानात फक्त शेवटच्या चार अंकांवरून नोंद शोधतात, तिथे एवढी खटपट करावी लागणारच, आणि हा मला या व्यवस्थेचा सर्वांत त्रासदायक भाग वाटतो.

ऑनलाइन खरेदीत प्रकार थोडा वेगळा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना कार्डाचा खरा क्रमांक साठवता येत नाही; व्यवहाराचा माग ठेवण्यासाठी आणि हिशेब जुळवण्यासाठी शेवटचे चार अंक आणि बँकेचे नाव तेवढे ठेवता येते. ‘कार्ड जतन करा’ म्हटले की प्रत्येक विक्रेत्यासाठी वेगळे टोकन निघते आणि एकाचे टोकन दुसऱ्याकडे चालत नाही. त्यामुळे एखाद्या संकेतस्थळावरून माहिती फुटली, तरी त्यासाठी कार्ड बदलावे लागू नये. ते एक टोकन रद्द करणे पुरते. मात्र कार्डाचे नूतनीकरण झाले किंवा ते बदलून मिळाले, की जुन्या विक्रेत्यांशी नवे कार्ड जोडण्यासाठी बँकेने आपली स्पष्ट संमती घ्यायची असते. माझे कार्ड बदलले तेव्हा फोनमधले टोकन विनातक्रार चालू राहिले, पण एका वर्गणीचा हप्ता अडला आणि तिथे कार्ड नव्याने नोंदवावे लागले.

एक उणीव या व्यवस्थेच्या हातात नाही. कुणी आपल्या कार्डाचा सगळा तपशील मिळवून ते स्वतःच्या फोनमध्ये घालू लागला, तर त्याला फक्त आपल्या ओटीपीची गरज उरते आणि एकदा टोकन तयार झाले की तो आपल्याच पैशांवर फोन टेकवत फिरू शकतो. अशा वेळी आलेल्या संदेशात ओटीपी खरेदीसाठी नसून कार्ड फोनमध्ये किंवा वॉलेटमध्ये जोडण्यासाठी असल्याचे लिहिलेले असते, रक्कम नसते. म्हणून संदेशातला आकडा उचलण्याआधी ती ओळ वाचावी आणि आपण काही जोडत नसू तर लगेच बँकेला फोन लावावा. फोनच हरवला, तर बँकेला किंवा वॉलेटच्या कंपनीला सांगून तेवढे टोकन बंद करता येते. खिशातले प्लास्टिकचे कार्ड तसेच चालू राहते.