रोजची गोळी की महिन्याचं इंजेक्शन? स्किझोफ्रेनियात ठरवण्याआधी

स्किझोफ्रेनियाचं औषध वर्षानुवर्षं चालणार असलं की घरच्यांसमोर कधी ना कधी हा प्रश्न येतोच. मी मानसोपचार विभागात परिचारिका आहे आणि तो सतत ऐकते. उत्तर देण्याआधी मला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: गोळ्या चुकतात त्या नेमक्या कशामुळे?

एक २९ वर्षांचा तरुण, रात्री रिस्पेरिडोन ४ मि.ग्रॅ. घेणारा. दोन वर्षांत आजार दोनदा उलटला आणि दोन्ही वेळा आधी गोळ्या सुटल्या होत्या. "गोळ्या घेतोस ना?" असं आई विचारायची, तो "हो" म्हणायचा. त्या प्रश्नाला "नाही" म्हणणं कुणालाही जड जातं. मी विचारलं, "गेल्या आठवड्यात किती रात्री राहून गेल्या?" तो लगेच म्हणाला, "तीन." पाकिटं मोजली, तर महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी ९ शिल्लक होत्या. बोलताना त्याचे गुडघे सारखे हलत होते, दहा मिनिटांत तो दोनदा उठून उभा राहिला. "आतून बसवत नाही. दोन दिवस गोळी टाळली की जरा शांत वाटतं," तो म्हणाला.

ही अकाथिसिया, म्हणजे औषधाने येणारी आतली अस्वस्थता. घरच्यांना ती बऱ्याचदा आजारच वाढल्यासारखी दिसते आणि डोस वाढवून मागितला जातो; त्याने त्रास आणखी वाढतो.

इथेच दोन पर्यायांतला खरा फरक कळतो. गोळीचा डोस डॉक्टर आज कमी करू शकतात आणि काही दिवसांत परिणाम दिसतो. पॅलिपेरिडोन पामिटेटसारखं इंजेक्शन एकदा दिलं की परत काढता येत नाही, ते पूर्ण उतरायला काही महिने लागतात. म्हणून त्रासामुळे गोळी टाळणाऱ्याला थेट इंजेक्शन देणं म्हणजे तोच त्रास अंगात कोंडून ठेवणं. त्याआधी ते औषध गोळीच्या रूपात सोसतं का, हे पाहावंच लागतं. पॅलिपेरिडोन रिस्पेरिडोनपासूनच शरीरात तयार होतं, त्यामुळे रिस्पेरिडोनची गोळी मानवली असेल तर पुढे जाता येतं.

विसरल्यामुळे, कामाच्या पाळ्या बदलल्यामुळे किंवा "आता मी बरा आहे" असं वाटून गोळ्या सुटत असतील, तर माझा कौल इंजेक्शनला. पॅलिपेरिडोनचं असेल तर दंडात पहिल्या दिवशी एक, आठव्या दिवशी दुसरं आणि मग महिन्यातून एकदा; या औषधासोबत सुरुवातीला गोळीची जोड लागत नाही. रोज रात्रीची चौकशी आणि तिच्यावरून होणारे वाद संपतात. तारीख चुकली तर ते त्याच दिवशी कळतं आणि औषध लगेच उतरत नसल्याने हाताशी वेळ असतो. मात्र शेवटच्या इंजेक्शनला सहा आठवड्यांहून अधिक दिवस झाले, तर नुसतं पुढचं देऊन भागत नाही, सुरुवातीचे डोस पुन्हा द्यावे लागतात.

क्लोझापिन चालू असेल तर हा प्रश्नच उरत नाही. त्याचं असं इंजेक्शन नाही आणि पांढऱ्या पेशींची तपासणी ठरलेल्या वेळी करावीच लागते.

दुष्परिणामांवर नजर दोन्हीकडे सारखीच ठेवायची. इंजेक्शन घेतलं की वजन वाढणार नाही, असा समज मी पुष्कळदा ऐकला आहे; तो चुकीचा आहे. औषध सुरू करताना वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची रक्तातली साखर आणि चरबी यांची नोंद हवी. वजन चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला, नंतर दर तीन महिन्यांनी. साखर आणि चरबी बाराव्या आठवड्याला पुन्हा. या तरुणाचं वजन ६८ किलो होतं, म्हणून वहीत ७१.४ या आकड्याखाली आम्ही लाल रेघ मारली. पाच टक्के वाढ झाली की औषध बदलायचं का, हे डॉक्टरांशी बोलायला हवं.

रिस्पेरिडोन आणि पॅलिपेरिडोन प्रोलॅक्टिन हे संप्रेरकही वाढवतात. पाळी थांबणं, स्तनांतून स्राव, लैंगिक इच्छा कमी होणं याबद्दल रुग्ण आपणहून बोलत नाहीत, आणि मग गोळ्या निमूटपणे बंद होतात. एकट्याला बसवून सरळ विचारावं. ओठ, जीभ, बोटं आपोआप हलतात का, हेही निदान वर्षातून एकदा पाहावं. ताप, ताठ झालेलं अंग आणि गोंधळलेपण एकत्र आलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावं.

त्या तरुणाचा डोस डॉक्टरांनी ३ मि.ग्रॅ. केला. तीन आठवड्यांनी तो समोर बसला तेव्हा पाय शांत होते. पाकिटात तरी चार गोळ्या जास्तच होत्या, आणि या वेळी कारण वेगळं होतं: रात्रपाळी. "मग महिन्यातून एकदाच बरं," तो स्वतःच म्हणाला. वहीत आम्ही दोन तारखा लिहिल्या, पहिला दिवस आणि आठवा.