स्क्रू कॉम्प्रेसर आणि एअर ड्रायर : दोन उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे. जुना पिस्टन कॉम्प्रेसर काढून आम्ही २० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर घेतला आणि दाबलेली हवा थंड करून तिच्यातलं पाणी काढणारा त्याच कंपनीचा रेफ्रिजरेटेड ड्रायर. कॉम्प्रेसरबद्दल तक्रार नाही. आवाज कमी आहे, दाब ७ बारवर टिकतो, लाइनमध्ये तेल येत नाही. हा सगळा मजकूर ड्रायरबद्दल आहे, आणि तो बदलून मिळावा म्हणून कंपनीच्या वरिष्ठांकडे काय आणि कसं मांडलं त्याबद्दल.

मशीन डिसेंबरात चालू झालं. मार्चपर्यंत हवा कोरडी होती. एप्रिल लागला आणि दुपारच्या पाळीत गनमधून पावडर अडखळत येऊ लागली, हॉपरमध्ये गुठळ्या व्हायला लागल्या, ओव्हनमधून निघालेल्या जॉबवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसू लागले. लाइनच्या शेवटचा ड्रेन कॉक उघडला तर पाणीच आलं. लगेच तक्रार नोंदवली. सर्व्हिस इंजिनिअर आला, ऑटो ड्रेन उघडून साफ केला, ड्रायरवरचा दवबिंदूचा डायल हिरव्यात, म्हणजे हवा कोरडी, असल्याचं दाखवलं, रिपोर्टवर ‘ओके’ लिहून गेला. दुपारी पुन्हा पाणी. महिनाभर हेच चक्र चाललं. दर वेळी नवा तक्रार क्रमांक मिळायचा, आधीचा ‘बंद’ झालेला असायचा. म्हणजे कंपनीच्या संगणकावर आमची एकही तक्रार प्रलंबित नव्हती. वर बसलेल्या माणसाला खालचा प्रश्न दिसत नाही, तो इथे. प्रत्येक कॉल वेळेत मिटलेला दिसतो. एकच दोष पुन्हा पुन्हा येतोय हे कुठेच दिसत नाही.

आमचा पर्यवेक्षक नोंदवही ठेवतो. सकाळी आठ, दुपारी बारा आणि साडेतीन अशा तीन वेळांना त्याने कॉम्प्रेसर रूमचं तापमान, ड्रायरमध्ये शिरणाऱ्या हवेचं तापमान आणि डायलची स्थिती लिहायला सुरुवात केली. डायलचे फोटोही काढले, तारीख-वेळेसकट. आठवडाभरात चित्र स्पष्ट झालं. सकाळी डायल हिरव्यात असायचा, साडेतीनला लाल. त्या वेळी खोलीत ४० अंश आणि ड्रायरच्या तोंडाशी ५० अंश असायचे. इंजिनिअर नेहमी सकाळी दहा-अकराला यायचा, त्यामुळे त्याला दोष कधी दिसलाच नव्हता. तो खोटं लिहीत नव्हता.

कारण साधं आहे. असा ड्रायर हवा साधारण ३ अंशांपर्यंत थंड करतो, हाच तिचा दवबिंदू, वाफेचं पाणी होतं आणि ते ड्रेनमधून बाहेर जातं. पण ३५ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ४० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, ५० अंशांना ती ८३ ग्रॅमवर जाते. म्हणजे ड्रायरचं काम दुपटीने वाढतं, आणि बाहेरही उष्मा असल्याने त्याच्या कंडेन्सरची ताकद त्याच वेळी घटते. ड्रायरवर छापलेली क्षमता बऱ्याचदा आत शिरणारी हवा ३५ अंश आणि भोवतालची २५ अंश धरून दिलेली असते. आमच्या ड्रायरवर १०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला १०० घनफूट हवा, असं लिहिलं होतं. कॅटलॉगच्या मागच्या तक्त्यात ५० अंशांच्या हवेसाठी ०.५५ आणि ४० अंशांच्या खोलीसाठी ०.८५ हे गुणक होते. गुणाकार केला तर हातात ४७ सीएफएम उरतात. कॉम्प्रेसर देतो ८५. ड्रेन कितीही वेळा साफ केला तरी हा हिशेब जुळणार नव्हता. ड्रायर बिघडलेला नव्हता, तो लहान निवडला गेला होता. आणि आमच्या ऑर्डरला जोडलेल्या त्यांच्याच तांत्रिक पत्रकात ‘जागेचं कमाल तापमान ४५ अंश’ असं लिहिलेलं होतं.

एवढं हाती आल्यावर मी आधी शाखा व्यवस्थापकांना फोन केला. त्यांना सांगितलं, की हा विषय आता विभागीय सेवाप्रमुखांकडे नेतोय, तुम्हाला प्रत ठेवतो, इंजिनिअरबद्दल आमची तक्रार नाही. हा फोन करावाच. शाखेला बगल दिली, तरी पुढची भेट त्याच माणसांकडून मिळवायची असते हे लक्षात ठेवावं.

मेल इंग्रजीत होता. त्याचा गाभा मराठीत असा :

‘महोदय, सोबतच्या अनुक्रमांकाच्या ड्रायरमधून एप्रिलपासून दुपारी हवेत पाणी येत आहे. ऑर्डरनुसार ४५ अंश तापमानाच्या जागी ३ अंश दवबिंदू अपेक्षित होता. तक्रारींचे सर्व क्रमांक, सर्व्हिस रिपोर्ट, नोंदी व फोटो जोडले आहेत. आपल्या कॅटलॉगच्या तक्त्यानुसार या परिस्थितीत ड्रायरची क्षमता ४७ सीएफएम येते, कॉम्प्रेसरची ८५ आहे. हा हिशेब आपल्या तांत्रिक विभागाने तपासावा, इंजिनिअरची भेट दुपारी तीननंतर ठेवावी, आणि हिशेब बरोबर असल्यास योग्य क्षमतेचा ड्रायर द्यावा. पुढील शुक्रवारपर्यंत आपला निर्णय कळवावा. हा दोष वॉरंटी काळात लेखी कळवल्याची नोंद घ्यावी.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. आमची वॉरंटी चालू केल्यापासून १२ महिने किंवा माल निघाल्यापासून १८ महिने, यांपैकी आधी संपेल ती होती. भेटी चालू राहतात आणि मुदत निघून जाते.

मेलमध्ये ‘फसवणूक’ हा शब्द नव्हता, ‘माणसं नालायक’ नव्हतं, ग्राहक मंचाची धमकीही नव्हती. आमच्याकडे त्यांची दहा टक्के रक्कम थांबलेली होती, तिचाही उल्लेख केला नाही. ती ऑर्डरच्या अटींप्रमाणेच थांबलेली होती. तिचा दबाव घातला असता, तर विषय सेवा विभागाकडून वसुली विभागाकडे गेला असता आणि ड्रायर बाजूला राहिला असता. वाया गेलेल्या जॉबची यादी जोडली, पण त्यावर विशेषण एकही लावलं नाही.

सेवाप्रमुखांचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. त्यांनी एकच खोदून विचारलं : कॉम्प्रेसरची गरम हवा खोलीतच फिरते का? प्रश्न अगदी योग्य होता. अनेक ठिकाणी दोष तिथेच असतो, आणि मग जबाबदारी ग्राहकाची ठरते. आमचा डक्ट भिंतीबाहेर काढलेला आहे, त्याचा फोटो जोडलेलाच होता. इंजिनिअर दुपारी आला, लाल डायल त्याने स्वतः पाहिला आणि रिपोर्टमध्ये तसं लिहिलं. मे संपायच्या आत मोठा ड्रायर बसला. जुना त्यांनी परत नेला, फरकाची रक्कम घेतली नाही.

सगळं मिळालं असं नाही. वाया गेलेल्या जॉबची भरपाई त्यांनी नाकारली. परिणामी नुकसान देणार नाही, हे त्यांच्या अटींत आधीपासून छापलेलं होतं, त्यामुळे मी ताणलं नाही. नव्या ड्रायरची वॉरंटी बदलीच्या तारखेपासून धरावी अशी मागणी होती. ती मूळ तारखेवरच राहिली, कंप्रेशन युनिटपुरती मात्र वाढवून मिळाली. थांबलेली रक्कम आम्ही नवा ड्रायर आठवडाभर दुपारी हिरव्यात राहिल्यावर सोडली.

यंदाचा एप्रिल-मेही गेला. साडेतीनला खोलीत ४१ अंश असतानाही लाइनच्या टोकाला पाणी आलं नाही. हा कॉम्प्रेसर मी पुन्हा घेईन. ड्रायर घेताना मात्र कोटेशनवर क्षमतेसोबत ती कोणत्या तापमानाला दिली आहे हेही लिहून मागेन, आणि कॅटलॉगच्या मागच्या तक्त्याशी गुणाकार करूनच सही करेन.