चुंबक, ॲसिड, फरशी सगळं केलं, तरी १,४२,००० रुपयांचं तांबं घेतलं

हे लिहायला हात धजत नव्हता. पण ज्या माणसाने मला सोन्याचा म्हणून तांब्याचा गोफ विकला, तो दुसऱ्या गावात तसलाच गोफ घेऊन फिरत असणार, म्हणून लिहिते.

ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. गल्लीत तीन महिन्यांपूर्वी भाड्याने आलेलं जोडपं. मुलाचं ऑपरेशन आहे, सराफ मोड म्हणून फार कमी देतो, तुम्हीच घ्या म्हणाले. गोफ ३० ग्रॅमचा. बावीस कॅरेटचा भाव तेव्हा साडेसहा हजारांच्या आसपास होता, म्हणजे माल १,९५,००० चा. सौदा १,४२,००० ला ठरला, रोख. भिशीचे आणि लेकीच्या लग्नासाठी बाजूला काढलेले पैसे होते ते. मी आंधळेपणाने घेतला नाही. तीन-तीन चाचण्या केल्या, आणि त्या चाचण्यांनीच माझा घात केला.

चुंबक लावला, चिकटला नाही. अहो, तांबंही चिकटत नाही, पितळ नाही, चांदी नाही. चुंबकाने लोखंड, निकेल असे मोजकेच धातू पकडले जातात आणि लोखंडाचा गोफ कोणीही विकायला आणत नाही. उलट माझ्या लेकीचं खरं ब्रेसलेट चुंबकाकडे ओढलं जातं, कारण त्याच्या फाशात स्टीलची स्प्रिंग आहे.

मग फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासून बघितलं. पिवळी रेघ उठली. ॲसिडची बाटली ३८० रुपयांना ऑनलाइन मागवली होती, तिचा थेंब रेघेवर सोडला. रेघ गेली नाही, हिरवी झाली नाही. झालं माझं समाधान.

पण घासलं कुठे? गोफ अडकवायच्या आकड्यावर! तो म्हणाला, "ताई, मधे घासू नका, ओरखडा दिसला की मोड कमी धरतात. आकड्यापाशी बघा, तिथे ९१६ पण कोरलंय." आणि मी ऐकलं. आकडा आणि कडी तेवढी खऱ्या सोन्याची होती, बाकी सगळ्या गोफाला जाड मुलामा. मी हट्टाने साखळीवरही एक थेंब टाकला होता, पण ॲसिड मुलाम्याच्या खाली पोचलंच नाही. वर सोनंच होतं, त्याला काय होणार?

ज्या क्षणासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही तो वेगळाच आहे. त्या दिवशी मी आईचा तीन तोळ्यांचा गोफ कपाटातून काढून शेजारी ठेवला. लांबी जवळपास तेवढीच, वजन तेवढंच, पण हा चांगला जाडजूड दिसत होता. आणि मी खूश झाले! तेवढ्याच सोन्यात जास्त भरीव दागिना कसा होईल? तांबं सोन्यापेक्षा निम्म्याने हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला दुप्पट जागा खातं. फसवणूक डोळ्यांसमोर पडली होती.

दोन महिन्यांनी सराफाकडे नेला. त्यांनी मधल्या एका कडीवर कानस खोल चालवली, आत लालसर दिसलं. तिथे ॲसिड टाकल्यावर हिरवा फेस आला. आकडा-कडी मिळून दोन ग्रॅम, त्याचे १२,६०० येतील म्हणाले. बाकी १,२९,४०० पाण्यात. जोडपं तोवर खोली सोडून गेलेलं.

पोलीस चौकीत पहिला प्रश्न, "पावती आहे का?" दुसरा, "स्वस्तात घ्यायला गेलातच कशाला?" म्हणजे गुन्हेगार मीच. व्यवहार माझ्या बहिणीच्या घरी झाला म्हणून हद्द दुसरी, तिकडे जा. तिकडे गेले तर म्हणे राहतात तिकडेच जा. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते, असं नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३) स्पष्ट आहे. ते मी सांगितलं तर "आम्हाला कायदा शिकवू नका". तिसऱ्या खेपेला नुसता अर्ज घेतला. गुन्हा नोंदवलेला नाही. घरमालकाने भाडेकरूंची माहिती चौकीत दिलीच नव्हती, त्याला कोणी विचारलंही नाही.

घरी काही करायचंच असेल तर पाण्यात तोला. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, दागिना दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लोंबकळत धरा. तळाला टेकू देऊ नका. बावीस कॅरेटच्या ३० ग्रॅमला काटा साधारण १.७ दाखवेल. माझ्या गोफाला ३.२ दाखवतो. पोकळ किंवा लाख भरलेल्या दागिन्याला हे चालत नाही. बिस्किटाला तर नाहीच, कारण टंगस्टनचं वजन जवळजवळ सोन्याइतकंच असतं.

पैसे देण्याआधी विकणाऱ्यालाच घेऊन हॉलमार्किंग केंद्रात जा. चार नगांपर्यंत २०० रुपये अधिक कर. यंत्र वरचा थर वाचतं, म्हणून मधे कापून बघा असं सांगा. तो नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. आणि आकड्यावरचा शिक्का हा फक्त आकड्याचा शिक्का धरा.

गोफ मी मोडलेला नाही. पुरावा म्हणून तसाच डब्यात ठेवलाय, चौकीत अजून कोणी तो बघायलाही मागितलेला नाही.