ठरावीक तारखेचा फॉरवर्ड की ऑप्शन पीरियडचा? काजू बी आयातदाराचा अनुभव

डॉलर उघडा ठेवायचा की फॉरवर्ड करायचा, म्हणजे पुढे लागणाऱ्या डॉलरचा भाव आजच बांधून घ्यायचा, हा प्रश्न ज्यांनी सोडवला आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. फॉरवर्ड घ्यायचं ठरल्यावर बँकेतला माणूस पुढचं विचारतो: ठरावीक तारखेचा करू की ऑप्शन पीरियडचा? माझा काजूचा कारखाना आहे. बी हिवाळ्यात टांझानियातून आणि उन्हाळ्यात आयव्हरी कोस्टकडून येते. दोन्ही प्रकारचे करार मी केले आहेत, आणि एकाकडे माझा कल आहे. त्याचं कारण खाली येईलच.

नावावरून गल्लत होते म्हणून एक गोष्ट आधी सांगतो. ऑप्शन पीरियड म्हणजे करन्सी ऑप्शन नव्हे. डॉलर घ्यायचे की नाही, याची मोकळीक त्यात नाही. ते घ्यावेच लागतात. फक्त ठरलेल्या मुदतीत कोणत्या दिवशी घ्यायचे ते आपण ठरवतो. ही मुदत जास्तीत जास्त एक महिन्याची असते. तिची किंमत कशी लागते ते मात्र नीट समजून घ्यायला हवं. डॉलर प्रीमियमवर असतो, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच्यापेक्षा चढा असतो. आपण कोणत्या दिवशी डॉलर मागू हे बँकेला माहीत नसतं, म्हणून ती मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा प्रीमियम लावते. तुम्ही पहिल्याच दिवशी पैसे भरले तरी उरलेल्या दिवसांचा प्रीमियम परत मिळत नाही.

हेच मला एकदा टोचलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये टांझानियाच्या मालासाठी १ लाख डॉलरचा करार केला. स्पॉट, म्हणजे डॉलरचा त्या दिवशीचा भाव, ८४.४० च्या आसपास होता. १५ जानेवारी ते १४ फेब्रुवारी अशी मुदत घेतली आणि प्रीमियम व बँकेचं मार्जिन धरून भाव पडला ८४.९०. कागद लवकर आले, २२ जानेवारीला पैसे भरले. त्या दिवशी बँक आम्हाला डॉलर ८६.४० ने विकत होती. म्हणजे स्पॉटच्या तुलनेत डॉलरमागे दीड रुपया वाचला, एकूण दीड लाख. आनंद व्हायला हवा होता, पण मी न वापरलेल्या २३ दिवसांकडे बघत बसलो. दिवसाला साधारण अर्धा पैसा धरला तर साडेअकरा पैसे, म्हणजे साडेअकरा हजार रुपये उगाच गेले असं वाटलं. पुढच्या वेळी ठरावीक तारखेचा करायचा, असं मनाशी ठरवून टाकलं.

आता हिशोबाची पद्धत, कारण पुढची सगळी तुलना तिच्यावर उभी आहे. आयातदाराचा फायदा-तोटा म्हणजे सेटलमेंटच्या दिवशीचा स्पॉट वजा कराराचा भाव, गुणिले डॉलर. उत्तर धन आलं तर फॉरवर्डने वाचवलं, ऋण आलं तर स्पॉटला घेतले असते तर स्वस्त पडलं असतं. मोबाइलवर दिसतो तो बाजारभाव इथे घेऊ नका, आणि दुपारी जाहीर होणारा एफबीआयएलचा रेफरन्स रेटही नको. त्या भावाने कोणी आपल्याला डॉलर देत नाही. त्या दिवशी आपली बँक आयात बिलासाठी लावणार होती तो विक्रीचा भावच घ्यायचा. या दोहोंतला फरक पाच-दहा पैशांचा दिसतो, पण दोन करारांची तुलना करताना सगळा खेळ तेवढ्याच पैशांत असतो.

फेब्रुवारी २०२५ च्या मध्यावर आयव्हरी कोस्टच्या चार कंटेनरचा सौदा झाला. बिल पुन्हा १ लाख डॉलरचं, कॅश अगेन्स्ट डॉक्युमेंट्स, म्हणजे पैसे भरले की मालाचे कागद सुटतात. त्या महिन्यात रुपया ८८ च्या तोंडापर्यंत जाऊन थोडा सावरला होता, पण बाजारात सगळे घाबरलेलेच होते. स्पॉट ८६.८० होता. बँकेने दोन भाव दिले. ३० एप्रिलच्या ठरावीक तारखेचा ८७.२५, आणि ३० एप्रिल ते ३० मे या मुदतीचा ८७.४१. फरक सोळा पैशांचा, म्हणजे सोळा हजारांचा. जानेवारीचे साडेअकरा हजार डोक्यात होते. मी ३० एप्रिलचा करार घेतला. दुसरा भाव डायरीत लिहून ठेवला, आणि त्यामुळेच आज ही तुलना मांडता येते.

माल उशिरा निघाला. पश्चिम आफ्रिकेतून न्हावा शेवाला येणारे कंटेनर बहुतेक वेळा वाटेत दुसऱ्या जहाजावर चढतात, आणि तिथे एक जहाज चुकलं की आठ-दहा दिवस सहज जातात. कागद येऊन बँकेत पडले तरी जहाज दिसेपर्यंत आपण पैसे भरायला धजत नाही. ३० एप्रिल उजाडला तेव्हा आमचे कंटेनर अजून समुद्रात होते. दरम्यान रुपया झपाट्याने वधारला होता आणि डॉलर ८४.५० च्या आसपास आला होता. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळे निर्णय त्याच दिवशी दुपारपर्यंत घ्यायचा होता.

ठरावीक तारखेचा करार वापरता आला नाही की तो रद्द करावा लागतो. रद्द करताना आपण घेतलेले डॉलर जणू बँकेला परत विकतो, म्हणून तिथे बँकेचा खरेदीचा भाव लागतो. तो ८४.४५ होता. ८७.२५ वजा ८४.४५ म्हणजे डॉलरमागे २.८० रुपये. चालू खात्यातून २ लाख ८० हजार रुपये त्याच दिवशी वळते झाले. माल दिसला नव्हता, एक किलो गर विकला नव्हता, आणि एवढी रक्कम गेली. हंगामाच्या तोंडावर कॅश क्रेडिटची मर्यादा ओढलेलीच असते. त्या आठवड्यातली मजुरी मला दुसरीकडून उभी करावी लागली.

इथे शांत डोक्याने एक गोष्ट करायला हवी होती: त्याच वेळी पुढच्या तारखेचा नवा करार. बँकेचा विक्रीचा भाव ८४.५५, पंधरवड्याचा प्रीमियम आठ पैसे, मार्जिन पाच पैसे, म्हणजे ८४.६८. त्यात भरलेले २.८० मिळवले की खरी किंमत येते ८७.४८. डायरीतल्या ८७.४१ पेक्षा फक्त सात पैसे जास्त, वर रद्द करण्याचं शुल्क. म्हणजे कागदावर पाहिलं तर दोन्ही करार जवळपास सारखेच. रद्द करताना गेलेले पैसे नव्या स्वस्त भावातून परत येतात. मध्ये जातो तो खरेदी-विक्रीतला फरक, आणखी थोडा प्रीमियम आणि दुसऱ्यांदा लागलेलं मार्जिन. आमचे सीए हे आजही मला समजावून सांगतात आणि ते बरोबर आहेत.

पण मी नवा करार केला नाही. पावणेतीन लाख नुकतेच गेलेले, डॉलर रोज उतरतोय, ८४ च्याही खाली जाईल असं जो तो म्हणत होता. मे महिन्याच्या दुसऱ्या तारखेला तो खरंच थोडा वेळ ८४ च्या खाली गेलाही, आणि मग मी अजून थांबलो. कंटेनर आले, १६ मेला पैसे भरले, तेव्हा बँकेचा विक्रीचा भाव ८५.६० झाला होता. माझी खरी किंमत ८५.६० अधिक २.८०, म्हणजे ८८.४०. ऑप्शन पीरियडचा करार असता तर ८७.४१ ने विषय संपला असता. फरक ९९ पैसे, डॉलर लाखभर, म्हणजे ९९ हजार रुपये. सोळा हजार वाचवायला गेलो होतो.

मला खरं नको वाटतं ते हेच. ठरावीक तारखेचा करार जहाज चुकलं की पुन्हा एकदा सट्ट्याचा निर्णय आपल्या हातात देतो, आणि तोही खिशातून रोख गेलेल्या दिवशी. ऑप्शन पीरियडमध्ये तो निर्णय येतच नाही. स्पॉटशी ताडून पाहिलं तर तोही करार तोट्यातच दिसला असता: ८५.६० वजा ८७.४१, म्हणजे उणे १ लाख ८१ हजार. पण ती रक्कम वेगळी भरावी लागत नाही. ८७ लाख ४१ हजार रुपये द्यायचे, डॉलर पाठवायचे, कागद सोडवायचे. फेब्रुवारीत गराचा भाव ठरवताना मी बी त्याच हिशोबाने धरली असती.

याचा अर्थ ठरावीक तारखेचा करार वाईट असं मुळीच नाही. तुमचं बिल उधारीचं असेल, म्हणजे बिल ऑफ लेडिंगच्या तारखेपासून ९० दिवसांनी देणं असेल आणि बिल स्वीकारून झालं असेल, तर जहाज कुठे का अडकेना, देण्याची तारीख हलत नाही. तिथे मुदतीचा जास्तीचा प्रीमियम देण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. यंत्रांचे सुटे भाग उधारीवर मागवणारे माझे एक स्नेही कायम ठरावीक तारखेचाच करतात, आणि त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

रोखीचा व्यवहार असेल, कागद आले की पैसे द्यायचे असतील, तर मात्र मी मुदतच घेईन. ती ठेवायची कुठे, याचा थोडा विचार करावा. माल लवकर येण्याची भीती कमी आणि उशिरा येण्याची जास्त, म्हणून अपेक्षित तारीख मुदतीच्या मध्यावर न ठेवता सुरुवातीला ठेवावी. शक्य असेल तर बिल ऑफ लेडिंग हातात येईपर्यंत सगळी रक्कम बांधू नये. आधी निम्मी, माल जहाजावर चढल्यावर उरलेली. आता मी तसंच करतो. जहाज मुदतीच्याही पुढे गेलं तर हाही करार रद्दच करावा लागतो, तेव्हा शेवटच्या आठवड्यात शिपिंग एजंटला रोज फोन करायचा आणि मुदत संपण्याआधी बँकेला लेखी कळवायचं. काहीच न कळवता तारीख उलटू दिली तर काही दिवसांनी बँक आपणहून करार रद्द करते. त्यात तोटा निघाला तर तो आपल्याकडून घेतला जातो, आणि फायदा निघाला तर तो आपल्याला मिळत नाही.

या वर्षीच्या आयव्हरी कोस्टच्या मालासाठी बँकेने पुन्हा दोन भाव दिले. फरक पंधरा पैशांचा होता. मी मुदतीचा घेतला.