धोक्याची सूचना येणार हे चोरानेच आधी सांगितलं

स्क्रीन रेकॉर्ड करायचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर मला हवं होतं. शोधल्यावर सगळ्यात वर जाहिरातीचा दुवा आला. पान अगदी मूळ कंपनीच्या पानासारखं, तोच लोगो, तेच रंग. फरक एवढाच की पत्त्यात मधे एक आडवी रेघ जास्त होती. या पानाची खरी करामत डाउनलोडच्या बटणाखाली बारीक अक्षरांत होती. तिथे चार सूचना लिहिलेल्या होत्या. फसवणूक नेमकी त्यांतूनच झाली, म्हणून त्या एकेक करून सांगतो.

पहिली सूचना: "आमची आवृत्ती नवीन असल्यामुळे ब्राउझर फाइल संशयास्पद म्हणेल, काळजी करू नका, Keep दाबा." हे निम्मं खरं असतं आणि म्हणूनच पटतं. क्रोम डाउनलोडबद्दल इशारा देतं तो एकाच प्रकारचा नसतो. Dangerous असं लाल खुणेसह आलं, तर ती फाइल किंवा तो पत्ता घातक असल्याचा भक्कम पुरावा गुगलच्या यंत्रणेकडे असतो. Suspicious म्हटलं, तर धोका असू शकतो, पण तेवढी खात्री नसते. एखादी फाइल फारशा लोकांनी उतरवलेली नसेल, तिची ओळखच नसेल, तरी ब्राउझर टोकतो. प्रामाणिक डेव्हलपरने काल रात्री बनवलेल्या आवृत्तीलाही हा इशारा मिळू शकतो आणि चोराने काल रात्री बनवलेल्या फाइललाही. दोघांचं सारखं दिसणं, हेच चोराचं भांडवल.

घातक साइट ओळखणारी गुगलची ही यंत्रणा, सेफ ब्राउझिंग, चालते कशी, हे इथे थोडं समजून घ्यावं लागेल. घातक पत्त्यांची यादी गुगलकडे असते. फायरफॉक्स आणि सफारीही ती वापरतात. यादी पत्त्यांच्या रूपात ब्राउझरकडे येत नाही. प्रत्येक पत्त्यापासून गणिताने काढलेल्या सांकेतिक ठशाचे पहिले काही बाइट तेवढे येतात. तुम्ही उघडलेल्या पत्त्याचा ठसा त्यांच्याशी जुळला, तरच पूर्ण खात्री करून घेतली जाते. क्रोममधली ही यादी दर 30 ते 60 मिनिटांनी ताजी व्हायची. पण गुगलनेच सांगितलं की घातक साइट सरासरी 10 मिनिटांपेक्षाही कमी वेळ जगते. म्हणून 2024 पासून क्रोम अनोळखी पत्ते त्याच क्षणी सर्व्हरकडून तपासून घेतं. तरीही ज्या पत्त्याबद्दल अजून कोणालाच काही कळलेलं नाही, त्याच्यावर लाल पाटी लागणार कुठून? मी नंतर गुगलच्या ट्रान्सपरन्सी रिपोर्टवर तो पत्ता टाकून पाहिला, तर उत्तर आलं No unsafe content found. मला ते वाचून हसूही आलं आणि रागही. "सापडलं नाही" याला लोक "सुरक्षित आहे" समजतात. तिथे तसं म्हटलेलं नसतं.

दुसरी सूचना: "फाइल झिप आहे, पासवर्ड 1234." ज्या फाइलचा पासवर्ड सगळ्या जगाला पानावरच वाचायला मिळतो, ती कुलपात ठेवायचं कारण काय? कुलूप आपल्यासाठी नसतंच, ते तपासणाऱ्यासाठी असतं. पासवर्ड नसेल तर ब्राउझर असो की मेलची छाननी, कोणालाच आतला मजकूर वाचता येत नाही. मग निवाडा फक्त पत्त्यावरून आणि बाहेरच्या माहितीवरून करावा लागतो. माझ्या मते चारही सूचनांत ही सगळ्यात स्पष्ट खूण आहे. जाहीर पासवर्डचं झिप दिसलं की मी आता पान बंदच करतो.

तिसरी: "झिप फक्त आम्ही सांगतो त्याच सॉफ्टवेअरने उघडा." ही वरवर निरुपद्रवी वाटते, पण विंडोजमध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर एक अदृश्य चिठ्ठी लागते, तिच्यात असं लिहिलेलं असतं:

```
[ZoneTransfer]
ZoneId=3
```

ती पाहूनच विंडोजचा राखणदार स्मार्टस्क्रीन ती निळी खिडकी आणतो, Windows protected your PC म्हणून. झिप उघडणारी काही सॉफ्टवेअर ही चिठ्ठी आतल्या फाइलींवर लावतच नाहीत, किंवा तो पर्याय मुळात बंद असतो. चिठ्ठी गेली की निळी खिडकीही गेली. माझ्याकडे ती आलीच नाही, आणि न येण्याचा अर्थ "सगळं ठीक" असा लागला.

चौथी सूचना अँटिव्हायरस थोडा वेळ बंद ठेवायची, कारण म्हणे तो "चुकून" पकडतो. म्हणजे ब्राउझर, छाननी, स्मार्टस्क्रीन आणि अँटिव्हायरस, चारही राखणदारांना माझ्याच हाताने बाजूला करायचा हा कार्यक्रम होता.

आणखी एक गोष्ट. झिप जेमतेम काही एमबीचं होतं आणि आतून निघालेली setup.exe 700 एमबीच्या वर. व्हिडिओ किंवा प्रोग्राम दाबून एवढे लहान होत नाहीत, नुसती शून्यं मात्र होतात. बरीच तपासणी-साधनं ठरावीक आकारापुढची फाइल तपासत नाहीत, म्हणून तिला शून्यांनी फुगवलेलं असतं. फाइलच्या Properties मध्ये Digital Signatures हा टॅबही नव्हता. नावाजलेल्या कंपनीच्या इन्स्टॉलरवर सही नसणं फारच विचित्र.

चालवल्यावर एक खिडकी उघडली, "तुमची प्रणाली सुसंगत नाही" म्हणाली आणि बंद झाली. तेवढ्यात ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी निघून गेल्या होत्या. कुकी गेली की ओटीपी विचारलाच जात नाही, कारण चोर नव्याने लॉगिन करत नाही, तुमचं चालू लॉगिनच पुढे वापरतो. माझ्या खात्यावरून ओळखीच्यांना पैसे मागणारे मेसेज जायला लागले आणि एका मित्राने पाठवलेही. मी त्याच संगणकावरून पासवर्ड बदलला, त्याचा काहीच उपयोग झाला नाही. दुसऱ्या उपकरणावरून आधी सगळीकडचं लॉगिन बंद केलं, मग पासवर्ड बदलले, तेव्हा मेसेज थांबले. संगणक पुसून विंडोज नव्याने टाकावं लागलं.

मित्राने नंतर विचारलं, "मग प्रत्येक इशाऱ्याला घाबरायचं का रे?" नाही. लाल इशारा आला तर मी वाद घालत नाही, साइट कितीही ओळखीची असली तरी, कारण चांगल्या साइटही हॅक होतात आणि तेव्हा तो इशारा खराच असतो. अनोळखी म्हणून आलेला इशारा तपासता येतो. अलीकडे एका लहानशा साधनाला तो आला. मी शोधातला दुवा सोडला आणि डेव्हलपरच्या जुन्या, माहितीच्या पानावर स्वतः पत्ता टाइप करून गेलो. तिथे दिलेला त्या फाइलचा 64 अक्षरांचा ठसा घेतला आणि फाइल न उघडता पॉवरशेलमध्ये हे चालवलं:

```
Get-FileHash .\setup.exe
```

दोन्ही ठसे जुळले, म्हणजे फाइल वाटेत बदललेली नव्हती. हा ताळा मूळ पान खरं असेल तरच कामाचा, नकली पानावर ठसाही नकली फाइलचाच दिलेला असतो. मग तोच ठसा व्हायरसटोटलवर शोधला, तिथे एकच फाइल अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासली जाते. एक-दोन कमी परिचित इंजिनांनी आक्षेप घेतला होता, बाकी सगळी शांत. तरी आणखी काही दिवस थांबलो, पुन्हा पाहिलं, तर तेही आक्षेप निघाले होते. मग ते साधन टाकलं, अँटिव्हायरस चालू ठेवूनच.