बिलोना तूप की ॲगमार्क तूप? लेबल वाचून ठरवा

ऑनलाइन दुकानात शेजारी शेजारी दोन बरण्या दिसतात. एकीवर 'ए२ गीर गाईचं बिलोना तूप', दुसरीवर नुसतं 'गाईचं तूप, ॲगमार्क'. पहिलीची किंमत दुसरीच्या दुप्पट-तिप्पट. एवढा फरक कशाचा?

बिलोना म्हणजे आपलं लोणकढंच. दूध विरजायचं, दही घुसळायचं, निघालेलं लोणी कढवायचं. डेअरीत दुधातली मलई यंत्राने काढतात आणि ती किंवा तिचं लोणी कढवतात. चवीतला फरक विरजणाचा.

किमतीचा हिशोब करून बघा. ४ टक्के फॅटच्या एक लिटर दुधात साधारण ४१ ग्रॅम स्निग्धांश असतो. घुसळण्यात, बेरीत थोडा जातोच. म्हणजे किलोभर तुपाला २७-२८ लिटर दूध लागतं. लिटरला ४० रुपये धरले तरी नुसतं दूधच अकराशेच्या आसपास. डेअरीलाही दूध तेवढंच लागतं, पण तिचं मलई काढलेलं दूध आणि त्याची पावडर चांगल्या भावाने जाते. घुसळणाऱ्याच्या हाती उरतं ताक. तेव्हा सहाशे रुपये किलोचं 'बिलोना' दिसलं, तर पुढे स्क्रोल करा.

'ए२' या शब्दासाठी मात्र मी जादा पैसे देणार नाही. ए१-ए२ हा फरक दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाचा, आणि तुपात जवळपास सगळी चरबीच. अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या एफएसएसएआयने ऑगस्ट २०२४ मध्ये हे दावे काढायला सांगितलं आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला, म्हणून लेबलं तशीच आहेत. 'शंभर टक्के शुद्ध' तर कुणीही छापतो. ॲगमार्कच्या शिक्क्यामागे निदान तपासणी असते.

घरी काय कळतं? वितळलेल्या तुपात आयोडीनचे दोन थेंब टाका. निळं झालं तर पिठूळ भेसळ आहे. तेल किंवा वनस्पती तूप मिसळलं असेल तर ते यात सापडत नाही. तळहातावर वितळतं, रवाळ आहे, यावरूनही काही सिद्ध होत नाही. रवा बराचसा सावकाश थंड होण्याने येतो. पिवळा रंग गाईच्या तुपाला कॅरोटीनमुळे येतो, पण रंग बाहेरूनही घालता येतो. चमचाभर तापवून बघणं तेवढं उपयोगी: तडतडलं तर आत पाणी राहिलंय, खवट लवकर होणार.

बाकी प्रयोगशाळेचं काम. विक्रेत्याकडे बॅचचा रिपोर्ट मागा. त्यात चरबी दुधाचीच आहे का याचा अंदाज देणारी आरएम व्हॅल्यू (बहुतेक ठिकाणी किमान २८ लागते) आणि वनस्पती तुपाची भेसळ पकडणारी बॉडोइन चाचणी 'निगेटिव्ह' आहे का ते पाहा. रिपोर्टवरचा बॅच नंबर बरणीवरच्या नंबराशी जुळायला हवा. अनेकदा एकच जुना रिपोर्ट सगळ्यांना पाठवतात.

फोडणीला, शिऱ्याला ॲगमार्कचं पुरेसं आहे. वरणभातावर, पुरणपोळीवर वरून घ्यायला लोणकढ्याची पाव किलोची बरणी घ्या, आणि तीही रिपोर्ट देणाऱ्याकडूनच.